मशीनमध्ये धुतल्यावर कपड्यांवर बारीक गोळे / लव येतेय, काय करायचं?

ऋतुजा_कर्वेनगर:
नमस्कार मंडळी, जरा वैतागून धागा काढतेय. आमच्याकडे साडेसहा किलोचं टॉप लोड मशीन आहे, फुल्ली ऑटोमॅटिक. गेल्या दोनेक महिन्यांपासून कपडे बाहेर काढले की गडद रंगाच्या प्रत्येक कपड्यावर बारीक बारीक गोळे दिसतात, नेव्ही ब्लू रेयॉनच्या कुर्त्यावर तर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरट काहीतरी, काळ्या लेगिंग्जला मांड्यांपाशी गोळे आणि लेकाच्या नेव्ही टीशर्टवर पण पांढुरके गोळे जे नखाने काढायला गेलं तर निघत नाहीत. कुर्ता लक्ष्मी रोडवरून घेतलेला, चांगला महागाचा होता, म्हणजे स्वस्तातला म्हणूनही सोडून देता येत नाही. नवरा म्हणतो मशीन जुनं झालं नवीन घेऊ, पण मला वाटतं त्याला निमित्त हवंय. कोणाला अनुभव असेल तर सांगा, मशीनचा दोष असतो का हा?

जुना_पुणेकर:
मशीन नव्हतं तेव्हा हे गोळेबिळे ऐकले नव्हते. हाताने धुवा, प्रश्न संपला. हल्लीच्या कापडात दमच राहिला नाही.

मंदार_वाकड:
ताई हे हार्ड वॉटर आहे १००%. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की टॉवेल पापडासारखे कडक होतात आणि सगळ्या कपड्यांवर गोळे येतात. मी प्रत्येक धुण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाकतो, पावडरबरोबरच, आणि वरून सॉफ्टनर. फरक पडतो. करून बघा.

शांताराम_काका:
पांढरे कण म्हणजे पावडर विरघळत नसणार. आमच्याकडे पण असंच व्हायचं. थंडीत नळाचं पाणी गार असतं त्यात पावडर गोठून बसते. आधी बादलीत कोमट पाण्यात विरघळवून मग मशीनमध्ये ओता. किंवा लिक्विड वापरा.

ऋतुजा_कर्वेनगर:
काका मी लिक्विडच वापरते, त्यामुळे पावडरचा प्रश्न नाही. आणि हात लावला की मऊ लागतं ते, कापसासारखं, पावडरचे कण कसे खरखरीत लागतात तसं नाही.
@मंदार आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी आहे, टँकर नाही येत. व्हिनेगर करून बघू का तरी?

ताणाबाणा:
थांबा, व्हिनेगर नंतर. मी बरीच वर्षं गारमेंट एक्स्पोर्टच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये काढली आहेत, हे गोळे मोजणं हेच काम होतं त्यामुळे जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात असं वाटतं. एक म्हणजे दुसऱ्या कपड्याची लव उडून या कपड्यावर बसणं, आणि दुसरं म्हणजे त्याच कपड्याचे तंतू बाहेर येऊन त्यांचे गोळे होणं, ज्याला आम्ही पिलिंग म्हणायचो. दोन्ही लांबून सारखेच दिसतात पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे, म्हणून आधी कुठल्या कपड्यावर काय आहे ते बघा. रुंद चिकटपट्टी घ्या, पार्सलला लावतो ती, कपडा टेबलावर सपाट पसरून पट्टी घट्ट दाबा आणि उचला. जे पट्टीबरोबर आलं ती बाहेरची लव. जे कपड्यावरच राहिलं, ओढल्यावर कापड पण थोडं वर उचललं गेलं, ते पिलिंग. मग मोबाईलचा कॅमेरा झूम करून गोळ्याचा रंग बघा. आणि गोळे नक्की कुठे आहेत तेही लिहा, सगळीकडे सारखे की ठराविक जागी.

आणि एक सांगा, टॉवेल बरोबर धुता का? कुठल्या रंगाचे आहेत?

ऋतुजा_कर्वेनगर:
बाप रे एवढं असतं का. टॉवेल हो, बरोबरच धुते, फिकट गुलाबी आहेत, दिवाळीनंतर नवीन घेतले. पट्टीचं आज रात्री करून सांगते.

शर्वरीची_आई:
ऋतुजा माझी पण हीच रड आहे गं. शर्वरीच्या शाळेच्या स्वेटरला दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर खाली एवढे गोळे आलेत की बाई म्हणाल्या नवीन घ्या. बाकी स्वेटर कोरा आहे. मी तर तो मशीनमध्ये टाकतच नाही, हाताने धुते. मग हाताने धुतलेल्याला का येतात? @जुना_पुणेकर काका सांगा आता.

जुना_पुणेकर:
ब्रशने घासत असाल.

शर्वरीची_आई:
कॉलर सोडली तर ब्रश लावतच नाही हो.

ताणाबाणा:
@शर्वरीची_आई खांदे आणि पाठीचा खालचा भाग म्हणजे दप्तर. पट्टे खांद्यावर घासतात आणि दप्तराचं बूड कमरेवर. धुण्याचा यात हात फारच थोडा. शाळेचे स्वेटर बहुतेक अॅक्रिलिकचे असतात, त्याचं सूत फुगीर आणि सैल पिळाचं, त्यामुळे जरा घासलं की तंतू बाहेर.

आमच्या लॅबमध्ये पिलिंग तपासायला आतून बुचाच्या लाकडाचं, म्हणजे कॉर्कचं अस्तर असलेला डबा असायचा. नळ्यांवर कापडाचे तुकडे चढवून त्या डब्यात टाकायच्या आणि डबा फिरवत ठेवायचा, मिनिटाला ६० फेरे, पाच तास म्हणजे १८,००० फेरे. नंतर तुकडा ठराविक उजेडात धरून फोटोंशी ताडून नंबर द्यायचा, ५ म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे गोळेच गोळे. आता यात बघा, पाण्याचा थेंब नाही, साबण नाही, नुसतं कोरडं घासणं आहे. तरी गोळे येतात. त्यामुळे मशीन हे घासण्याचं एक ठिकाण झालं, एकमेव नाही. अंगावर असताना, स्कूटरच्या सीटवर, बॅगेखाली, ऑफिसच्या टेबलाच्या कडेला, सगळीकडे तेच चालू असतं.

जुन्या काकांनाही उत्तर देते, ब्रश आणि दगडावरची आपट यानेही तंतू उठतात. पूर्वी गोळे दिसायचे नाहीत याचं मोठं कारण वेगळं आहे, पूर्वी घरातले कपडे जास्त करून मागावर विणलेल्या सुती कापडाचे असायचे. होजिअरी, म्हणजे टीशर्ट लेगिंग्जचं ताणणारं कापड, आणि पॉलिस्टर मिक्स कमी असायचं.

मशीनदादा_हडपसर:
मी मशीन रिपेरिंग करतो. ताई तुमच्या ड्रमच्या आत बाजूला जाळीची पिशवी किंवा प्लॅस्टिकची फिल्टर पट्टी असेल बघा. ती काढून उलटी करून धुवा. १० घरात गेलो तर ८ घरात ती कधी काढलेलीच नसते, आत घट्ट नमदा बसलेला असतो आणि काही ठिकाणी जाळी फाटलेली. भरली की लव पकडत नाही, पाण्याबरोबर परत कपड्यावर येते. फाटली असेल तर नवीन मिळते, मॉडेल नंबर घेऊन जा दुकानात, स्वस्त असते. त्यासाठी मशीन बदलू नका.
फ्रंट लोडवाल्यांनी गोंधळ करू नका, तुमच्या खाली कोपऱ्यात जे झाकण असतं ते पंपाचा फिल्टर, त्यात नाणी बटणं अडकतात, लव पकडण्याचं काम त्याचं नाही. आणि ते उघडायच्या आधी खाली ताट ठेवा आणि पाणी काढून घ्या नाहीतर बाथरूमभर पाणी.

चिन्मय_कॅम्प:
अजून एक, खिसे बघा. मी बसने जातो, पीएमपीचं तिकीट खिशात राहिलं की पूर्ण काळ्या पँटवर पांढरे तुकडे. टिश्यू पेपर तर त्याहून वाईट. आमच्या घरी यावरून रोज भांडण.

ऋतुजा_कर्वेनगर:
रिपोर्ट देते. जाळी काढली, दादा म्हणाले तसंच, आत गुलाबी नमदा 😄 आणि एका कोपऱ्यात टाका उसवलाय.

पट्टीचा निकाल असा:
नेव्ही कुर्ता, पट्टीवर जवळजवळ सगळं निघून आलं, आणि झूम केल्यावर ते फिकट गुलाबी दिसतंय, मी पांढरं समजत होते. कुर्त्याचा पृष्ठभाग मात्र जरा फुसफुशीत झालाय, नवा असतानासारखा गुळगुळीत नाही.
लेगिंग्ज, पट्टीला काहीच आलं नाही. गोळे काळेच आहेत आणि फक्त मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि मागे. पोटऱ्यांवर एकही नाही.
लेकाचा टीशर्ट, हे कळत नाहीये. गोळे पट्टीने निघत नाहीत, म्हणजे पिलिंग, पण रंग नेव्ही नाही, पांढुरका-गुलाबीसर. आणि पुढे मागे सगळीकडे आहेत. लेबलवर ६०% कॉटन ४०% पॉलिस्टर लिहिलंय.
म्हणजे याचं काय?

मंदार_वाकड:
टीशर्टचा रंग गेला असणार, गोळ्यातला रंग उडाला.

ताणाबाणा:
वा, नीट केलंत काम. एकेक घेऊ.

कुर्ता सोपा आहे, टॉवेलची लव. नवीन टॉवेलमध्ये विणताना कापताना राहिलेले सुटे तंतू भरपूर असतात, पहिले काही धुणे ते गळतच राहतात. टॉवेल वेगळा धुवायचा, बास. त्याच्याबरोबर फारतर चादरी, फिकट रंगाच्या. फुसफुशीतपणा मात्र रेयॉनचा स्वतःचा. सुती धागा ओला झाला की उलट थोडा मजबूत होतो, रेयॉन ओलं असताना खूप कमजोर होतं, ताकद निम्म्याच्या आसपास येते. त्या अवस्थेत जीन्स आणि टॉवेलच्या मध्ये घुसळलं की तंतू तुटून टोकं वर येतात. रेयॉनचे कुर्ते उलटे करून, जाळीच्या पिशवीत, जेंटल किंवा डेलिकेटवर, नाहीतर हाताने नुसतं बुडवून दाबून. पिळायचे नाहीत.

लेगिंग्ज, गोळे त्याच रंगाचे आणि ठराविक जागी, म्हणजे चालताना मांडीला मांडी आणि गाडीच्या सीटवर. दुचाकी चालवता ना? यावर धुण्याचा उपाय अर्धाच चालेल. उलट्या करून धुतल्या तर मशीनमधली भर तरी थांबेल, पण घातल्यावर येणारे येणार. खोटं आश्वासन देत नाही.

टीशर्ट मजेशीर आहे. मंदार, रंग उडाला तर आख्खा टीशर्ट फिका दिसेल, नुसता गोळा नाही. माझ्या मते टीशर्टचे स्वतःचे तंतू आधी बाहेर आले, त्यांची वेटोळी झाली आणि त्यात टॉवेलची लव गुंतली. म्हणजे गोळ्याचं मूळ नेव्ही, पोट गुलाबी. सुईने एक गोळा सोडवून बघा, आत देठाशी निळे तंतू दिसतील.

आणि तो पडत का नाही याचं कारण ते ४०%. शुद्ध सुती कपड्याला पण गोळे येतात, पण सुताचा तंतू कमकुवत म्हणून गोळा काही दिवसांनी पिकल्या फळासारखा गळून पडतो. पॉलिस्टरचा तंतू इतका चिवट की देठ तुटत नाही, गोळा तिथेच राहतो आणि दर धुण्याला नवीन लव खात मोठा होतो. म्हणून लोकांना वाटतं मिक्स कापडालाच गोळे येतात. येतात दोघांना, राहतात मिक्सवर.

एक शक्यता मात्र खुली ठेवते, मिक्स कापडात कधी कधी फक्त सुती भाग रंगवलेला असतो आणि पॉलिस्टर पांढरंच राहतं. तसं असेल तर देठ पण पांढरा दिसेल. म्हणून सुई.

ऋतुजा_कर्वेनगर:
गाडी हो, रोज कर्वेनगर ते खराडी. सीट पण खरखरीत झालीये. सुईचं करते.

निमिष_औंध:
मध्येच विचारतो, मग १००% पॉलिस्टरच्या जिमच्या टीशर्टला का येत नाहीत? माझे ३ वर्षं झाले एक गोळा नाही. ताणाबाणा तुमच्या थिअरीनुसार ते सगळ्यात वाईट असायला हवेत.

ताणाबाणा:
चांगला प्रश्न. गोळा व्हायला तंतूची सुटी टोकं लागतात. जर्सीचं पॉलिस्टर सलग लांब धाग्याचं असतं, त्याला टोकंच नाहीत, त्यामुळे ते अडकून ओढलं जाईल, धागा निघेल, पण गोळा सहसा होत नाही. मिक्समधलं पॉलिस्टर मात्र कापसाच्या लांबीचे तुकडे करून कापसाबरोबर कातलेलं असतं, तिथे टोकंच टोकं. फ्लीसचं जॅकेट पण पॉलिस्टरच, पण ते मुद्दाम ब्रश मारून फुगवलेलं, म्हणून त्याला येतात आणि ते लवही सोडतं.

मंदार_वाकड:
पण हार्ड वॉटरचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. आमच्याकडे टँकरच्या महिन्यात नक्की वाढतात, हे मी डोळ्याने बघितलंय.

ताणाबाणा:
बघितलं असेल, नाकारत नाही. जड पाण्यात साबणाचा जोर कमी पडतो, क्षार कापडावर बसतात, कापड खरखरीत होतं आणि खरखरीत कापड एकमेकांवर जास्त घासतं. शिवाय मळ निघत नाही म्हणून माणूस हेवी प्रोग्रॅम लावतो, दोनदा धुतो, तेही त्यात आलंच. पण ऋतुजाकडे कॉर्पोरेशनचं पाणी आहे आणि टॉवेलचा पुरावा समोर आहे.

व्हिनेगर पावडरबरोबर टाकू नका. पावडर अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना मारतात आणि धुणं बिघडतं. टाकायचंच तर शेवटच्या खळबळीच्या पाण्यात, थोडं, क्षार सुटायला मदत होते. रोज नको. गोळे थांबवण्याचा त्याचा थेट काही संबंध नाही.

मशीनदादा_हडपसर:
रोज व्हिनेगर टाकणाऱ्यांच्या रबराबद्दल मला विचारा. 🙏

मंदार_वाकड:
बरं बरं. मग सॉफ्टनर तरी?

ताणाबाणा:
इथे मी ठाम बोलणार नाही. सॉफ्टनरने कापड निसरडं होतं, घर्षण कमी, म्हणून गोळे कमी, असं म्हणता येतं. पण तेच निसरडे झालेले तंतू सुताच्या पिळातून बाहेर पण सहज सरकतात. आमच्याकडे मऊ फिनिश मारलेल्या मालाला पिलिंगचा नंबर पडलेला मी बघितलाय आणि सुधारलेला पण बघितलाय, कापडावर अवलंबून. टॉवेलला तर अजिबात नको, पाणी टिपत नाहीत मग.

शर्वरीची_आई:
आमच्या सासूबाई टॉवेलला पण घालतात आणि मग म्हणतात टॉवेल पाणी घेत नाही 🤦‍♀️ त्यांना हा धागा दाखवते.

ऋतुजा_कर्वेनगर:
सुईचा निकाल, आत देठाशी निळे तंतू आहेत! वर गुलाबी. म्हणजे टॉवेल खाऊन गोळा मोठा झाला हे खरं.
आता पुढचं सांगा, मशीन कसं लावू? मी आठवड्यात दोन दिवसच धुते, सगळं एकत्र, ड्रम वरपर्यंत भरतो, हेवी प्रोग्रॅम. पाणी मशीन आपोआप घेतं.

ताणाबाणा:
साडेसहा किलो हा आकडा कोरड्या सुती कपड्यांचा, नॉर्मल प्रोग्रॅमचा असतो. डेलिकेटला त्याच्या अर्ध्याहूनही कमी, तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिलेला असेल. एक मोठा टॉवेल साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, जीन्स ६०० च्या पुढे, टीशर्ट दीडशे-दोनशे. तुम्ही लिहिताय त्यावरून चार टॉवेल आणि तीन जीन्स धरल्या तर तिथेच जवळपास चार किलो झाले, वर बाकी सगळं. सामान मोजायचा हातातला काटा असेल तर एकदा पिशवीत भरून मोजा, अंदाज येतो.

टॉप लोडमध्ये खाली चकती फिरते आणि कपडे पाण्यात वरखाली उलटायला हवेत. झाकण उघडून बघा, वरचा कपडा थोड्या वेळात खाली जातोय का. जागच्या जागी नुसता थरथरत असेल तर कपडे एकमेकांवर घासले जातायत, पाण्यातून फिरत नाहीयेत. तेव्हा एकतर कपडे कमी करा नाहीतर पाण्याची पातळी हाताने एक पायरी वर घ्या. पाणी वाया जातं हे मान्य, पण मिक्स आणि रेयॉनच्या धुण्यापुरतंच करायचं.

वाटणी रंगापेक्षा कापडावरून करा. टॉवेल-चादरी एक. जीन्स आणि जाड सुती दुसरं, चेन लावून, हुक बंद करून. टीशर्ट, लेगिंग्ज, कुर्ते तिसरं, सगळे उलटे, छोटा प्रोग्रॅम. रोजच्या घामाच्या कपड्याला हेवीची गरज नसते, डाग असेल तर तेवढाच आधी हाताने काढा. स्पिनला लोक उगाच शिव्या घालतात, स्पिनमध्ये कपडे ड्रमला चिकटून बसतात, घासणं फारसं होत नाही, गोळे होतात ते घुसळण्यात.

गौरी_सिंहगडरोड:
फ्रंट लोड घेतलं तर हे सगळं वाचतं का? आम्ही घ्यायच्या विचारात आहोत.

ताणाबाणा:
फ्रंट लोडमध्ये कपडे उचलून आपटले जातात, चकतीची घुसळण नाही, म्हणून साधारणपणे सौम्य. पण पाणी कमी असतं आणि प्रोग्रॅम दोन-अडीच तासांचे. लांब प्रोग्रॅम लावून टॉवेलबरोबर काळे कपडे टाकले तर तिथेही लव बसणारच.

मशीनदादा_हडपसर:
मॅडमशी सहमत नाही पूर्ण. नवीन टॉप लोडमध्ये पण सौम्य प्रोग्रॅम चांगले आहेत. माझ्याकडे दोन्हीची गिऱ्हाइकं येतात हीच तक्रार घेऊन.

निमिष_औंध:
एन्झाइमवाला डिटर्जंट गोळे खातो असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

ताणाबाणा:
काही प्रमाणात खरं. सेल्युलेज नावाचं एन्झाइम सुती कापडावर वर आलेली टोकं कुरतडतं. टीशर्टच्या टॅगवर बायोवॉश लिहिलेलं असतं ना, ते कारखान्यात हेच करतात, साधारण ५०-५५ डिग्रीला, किंचित आंबट पाण्यात, पाऊण ते एक तास, आणि त्यात कापडाचं वजन आणि ताकद दोन्ही थोडी जाते. म्हणून बायोवॉश केलेला टीशर्ट नवीन असतानाच गुळगुळीत लागतो आणि गोळे उशिरा धरतो. घरच्या डिटर्जंटमध्ये त्याचं प्रमाण मामुली, हळूहळू काम होतं. पाकिटावर नुसतं एन्झाइम लिहिलं असेल तर ते डागांसाठीचं दुसरं असू शकतं. आणि पॉलिस्टरला ते हातही लावत नाही, म्हणजे लेकाच्या टीशर्टला अर्धाच फायदा.

ऋतुजा_कर्वेनगर:
मंडळी मधे बरेच दिवस गेले, अपडेट देते. जाळी नवीन बसवली, टॉवेल वेगळे, बाकी उलटे करून छोट्या प्रोग्रॅमवर. कुर्ता एकदम स्वच्छ, पट्टी लावली तर जवळजवळ कोरी येते. टीशर्टला गुलाबी गोळे नवीन नाहीत पण जुने आहेत तिथेच, आणि पोटापाशी थोडे नवीन निळे आलेत. लेगिंग्जमध्ये काही फरक नाही, ताणाबाणा ताई म्हणाल्या तसंच. नवीन मशीनचा विषय सध्या बंद, नवरा नाराज.
आता जुने गोळे काढायला ते बॅटरीचं लिंट रिमूव्हर घेऊ का? तुळशीबागेत बघितलं होतं. की साध्या रेझरने होईल? आई म्हणते ओढून काढ.

ताणाबाणा:
ओढू नका. देठ तुटत नाही, तो सुतातून अजून लांब बाहेर येतो आणि पुढच्या गोळ्याची तयारी होते. कापायचेच. रिमूव्हर चालेल, टीशर्ट कोरडा, सपाट टेबलावर, खाली सुरकुती किंवा शिवण नको, आणि वरून न दाबता अलगद फिरवा. दाबलं की जाळीतून कापड आत जातं आणि भोक. रेझरने पण होतं पण होजिअरीवर हात सरावलेला हवा, आधी आतल्या बाजूला कोपऱ्यात करून बघा. पोटापाशी नवीन येतायत म्हणता, लेक वर्गात बाकाच्या कडेला टेकून बसत असेल.

आणि हे लक्षात ठेवा की कापलं की पुन्हा येणार नाहीत असं नाही. बाहेर यायचे सैल तंतू संपले की येणं आपोआप मंदावतं, काही कपड्यांचं लवकर संपतं, काहींचं संपेपर्यंत कपडा विरतो. दरवेळी मशीन फिरवत बसलात तर कापड पातळ होत जातं.

गौरी_सिंहगडरोड:
घेतानाच ओळखता येत नाही का? दुकानात काय बघायचं?

ताणाबाणा:
लेबल वाचा आधी. मग कापडाची आतली बाजू आतल्या बाजूवर धरून अंगठ्याने पंचवीस-तीस वेळा जोरात चोळा आणि उजेडाकडे आडवं धरून बघा, लव उभी राहिली असेल तर पुढे गोळे येणार. हातात घेतल्यावर फारच मऊ मऊ, फुगीर लागणारं कापड मी तर संशयानेच बघते. जाड आहे म्हणजे चांगलं हेही खरं नाही, जाड पण सैल विणीचं जास्त धरतं. दुकानदार बघत असतो, बघू दे.

जुना_पुणेकर:
लक्ष्मी रोडवर पंचवीस वेळा चोळून दाखवा, मग बोलू. एक विचारतो, माझ्या कॉट्सवुलच्या शर्टाला गेल्या थंडीत कोपरापाशी गोळे आले आहेत. हाताने धुतो. ब्रश लावतो.

ताणाबाणा:
काका, त्यात कापूस आणि लोकर दोन्ही असतात. ब्रश बंद करा, लोकरीच्या लिक्विडमध्ये थंड पाण्यात दाबून धुवा, आणि कोपर टेकून पेपर वाचता तिथे काहीतरी मऊ अंथरा.

जुना_पुणेकर:
पेपर वाचतो हे कसं कळलं?

शर्वरीची_आई:
😂😂
@ताणाबाणा ताई एक राहिलं, दप्तराच्या पट्ट्यांना आतून गुळगुळीत कापड शिवून घेतलं तर स्वेटर वाचेल का? आमच्या इथला टेलर करून देतो म्हणतोय.

ताणाबाणा:
वाचेल बराच. छत्रीचं किंवा जॅकेटच्या अस्तराचं कापड घ्या, सुती नको. पाठीचा भाग पण करून घ्या, नाहीतर खांदे वाचतील आणि कंबर जाईल.